रिपोर्ट म्हणतो ‘फर्स्ट ओनर, लोन नाही’ आणि परिवहनवर भलतंच दिसतं: सेकंडहँड गाडीचा हा घोळ कसा सोडवायचा

ठाणे आणि नवी मुंबईत सेकंडहँड गाडी शोधणाऱ्यांकडून ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. गाडीचा नंबर टाकून, दोन-चारशे रुपये भरून एखाद्या ॲपवरून हिस्टरी रिपोर्ट काढलेला असतो. त्यात मालक एक, लोन नाही, ॲक्सिडेंट नाही, सगळीकडे हिरव्या खुणा. मग कोणीतरी सुचवतं म्हणून तोच नंबर सरकारी साइटवर टाकला की मालक दुसरा निघतो आणि गाडीवर फायनान्सचा बोजा दिसतो. डीलर म्हणतो, “साइट अपडेट नसते हो, रिपोर्ट बघा.” मालक आणि लोन या दोन गोष्टींसाठी आज, स्वतः काढलेली सरकारी नोंद धरायची. क्लेमसाठी मात्र या दोन्हींवर विसंबून चालत नाही, त्याचा माग इन्शुरन्स पॉलिसीतून काढावा लागतो.

आधी ही माहिती येते कुठून ते बघू. आरटीओच्या नोंदी ‘वाहन’ या केंद्रीय डेटाबेसमध्ये असतात. vahan.parivahan.gov.in वर Know Your Vehicle Details मध्ये मोबाइल नंबरने लॉगिन करून गाडीचा नंबर टाकला, किंवा एमपरिवहन ॲपवर शोधलं, की त्यातली आजची नोंद दिसते. खाजगी रिपोर्टमधली मालकाची आणि लोनची माहिती मुळात याच डेटाबेसमधून आलेली असते, पण ती कधी उचलली हे रिपोर्टवाल्यावर अवलंबून. आधी कोणी तो नंबर शोधला असेल, तर बरेचदा तेव्हा साठवून ठेवलेलीच माहिती नव्या तारखेच्या पीडीएफमध्ये छापून मिळते. म्हणून रिपोर्टवर दोन तारखा शोधायच्या: रिपोर्ट कधी तयार झाला आणि माहिती कधीची आहे. दुसरी तारीख शेवटच्या पानावर अगदी बारीक अक्षरात असते. ती नसेलच, तर रिपोर्टमधली इन्शुरन्स आणि पीयूसी संपण्याची तारीख बघा. त्या तारखा दोन वर्षांपूर्वीच उलटून गेल्या असतील तर बाकीची माहितीही बहुधा तेवढीच जुनी आहे.

सरकारी नोंदीलाही मर्यादा आहे. तिथे आजचा मालक दिसतो, आणि त्याच्याही नावातली काही अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात. आधीच्या मालकांची नावं दिसत नाहीत. सातबारा हातात आहे पण फेरफार नाहीत, अशी ही अवस्था. कितवा मालक एवढा आकडा मिळतो, नावं कागदांतून जुळवावी लागतात.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेतो, कारण त्यात तिन्ही गाठी एकदमच होत्या.

माझा चुलतभाऊ कामोठ्याला राहतो. खारघरच्या एका डीलरकडे त्याने एक पेट्रोल हॅचबॅक बघितली. ठाणे पासिंग, म्हणजे एमएच-०४, मार्च २०१७ चं रजिस्ट्रेशन, किंमत ३ लाख ६० हजार. डीलरने व्हॉट्सॲपवर दोन गोष्टी पाठवल्या: नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेला हिस्टरी रिपोर्ट आणि आरसीच्या स्मार्टकार्डाचा फोटो. दोन्हींवर मालक पहिला. रिपोर्टमध्ये बोजा नाही, ॲक्सिडेंटच्या रकान्यात ‘नोंद आढळली नाही’.

परिवहनवर नंबर टाकला तर मालकाचा क्रमांक दोन आणि गाडी फायनान्सवर. रिपोर्टच्या तळाशी पाहिलं, तर माहिती मे २०२२ ची. मग त्या आरसीच्या फोटोकडे नीट बघितलं. स्मार्टकार्डावर रजिस्ट्रेशनची तारीख असते तशी कार्ड दिल्याची तारीखही असते, आणि मालक कितवा तेही छापलेलं असतं. या कार्डावर दोन्ही तारखा मार्च २०१७ च्याच होत्या. म्हणजे फोटो गाडी नवी घेतली तेव्हाच्या कार्डाचा होता. भावाने फोनवर सांगितलं, “दादा, फोटो नको, आत्ताचं कार्ड दोन्ही बाजूंनी दाखवा.” दोन दिवसांनी कार्ड आलं, दिल्याची तारीख ऑगस्ट २०२२, मालक क्रमांक दोन, मागे फायनान्स कंपनीचं नाव.

गंमत म्हणजे रिपोर्ट खोटा नव्हता. पहिल्या मालकाचं पाच वर्षांचं लोन २०२२ च्या मार्चमध्ये फिटलं, एप्रिलमध्ये बोजा उतरला आणि ऑगस्टमध्ये गाडी दुसऱ्याने नव्या लोनवर घेतली. मधल्या तीन-चार महिन्यांत ही गाडी खरोखरच फर्स्ट ओनर आणि बिनबोज्याची होती. रिपोर्टने नेमकी तीच फट पकडली होती. आरसी घेतलीत की आधी कार्ड दिल्याची तारीख बघा असं मी सगळ्यांना सांगतो ते यासाठी. ती रजिस्ट्रेशनच्या तारखेपेक्षा बरीच नंतरची असेल, तर मधे काहीतरी घडलं आहे: मालक बदलला, बोजा चढला किंवा उतरला, पत्ता बदलला किंवा कार्ड हरवून दुसरं काढलं. नेमकं काय झालं ते विचारायचं आणि त्याचा कागद मागायचा.

उलटा प्रकारही होतो. व्यवहार दोन झाले, पण आरटीओत नोंद एकाचीही नाही. पहिल्या मालकाने सह्या केलेले मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० घेऊन गाडी एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहते आणि कागदोपत्री शेवटपर्यंत ‘फर्स्ट ओनर’. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार, राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, पण कोऱ्या तारखेच्या फॉर्मवर गाड्या महिनोन्‌महिने फिरतात. हे ना रिपोर्टमध्ये दिसतं ना परिवहनवर. इथे पॉलिसीवरचं नाव, सर्व्हिसच्या बिलावरचं नाव आणि आरसीवरचं नाव एकमेकांशी ताडून बघणं एवढाच उपाय. तीन कागदांवर तीन नावं असली तर मधली माणसं कोण ते डीलरने सांगायला हवं. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकृतता घेण्याची आणि गाडी ताब्यात आल्यावर फॉर्म २९सी ने पोर्टलवर कळवण्याची सोय नियमांत आहे. म्हणून “गाडी तुमच्या नावाने पोर्टलवर कळवली आहे का?” हा प्रश्न विचारायचाच. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर गाडी खरी कोणाच्या भरवशावर उभी आहे ते कळतं.

क्लेम: रकाना रिकामा असण्याचा अर्थ

‘वाहन’ डेटाबेसमध्ये इन्शुरन्स कंपनी आणि पॉलिसी कधीपर्यंत आहे एवढंच असतं. कोणता क्लेम झाला, किती रकमेचा, गाडीचं काय तुटलं, यातलं काहीही तिथे नसतं. त्यामुळे ‘ॲक्सिडेंटची नोंद आढळली नाही’ याचा अर्थ बरेचदा एवढाच की रिपोर्टवाल्याकडे ती माहिती येण्याचा मार्गच नाही. काही कंपन्यांचे वर्कशॉपशी किंवा इन्शुरन्सवाल्यांशी करार असतात आणि त्यांच्या रिपोर्टमध्ये थोडाफार इतिहास येतो, पण तोही त्या त्या साखळीपुरता.

म्हणून पॉलिसी मागवायची आणि तिच्यातला एनसीबीचा, म्हणजे नो क्लेम बोनसचा, आकडा बघायचा. हा बोनस फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागावर मिळतो आणि ठरलेल्या पायऱ्यांनी चढतो. एक वर्ष क्लेम नाही तर पुढच्या पॉलिसीत २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एकदा क्लेम घेतला की पुढच्या वर्षी शून्य आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट अशी की बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. गाडी विकणारा आपला बोनस पुढच्या गाडीवर नेऊ शकतो आणि घेणाऱ्याला शून्यापासून सुरू करावं लागतं.

हे दोन नियम धरून भावाच्या गाडीची पॉलिसी वाचली. चालू पॉलिसी ऑगस्ट २०२४ पासूनची, एनसीबी २० टक्के. डीलरचं म्हणणं होतं, “मालक बदलला म्हणून बोनस कमी आहे, त्यात काय?” ऐकायला पटतं. पण हिशेब करून बघा. दुसऱ्या मालकाने ऑगस्ट २०२२ मध्ये स्वतःच्या नावाने नवी पॉलिसी घेतली, ती शून्यावर. पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं असतं तर ऑगस्ट २०२३ ला २० टक्के मिळाले असते आणि दुसरंही तसंच गेलं असतं तर ऑगस्ट २०२४ ला २५. इथे २०२४ मध्ये २० आहेत, म्हणजे २०२३ च्या पॉलिसीत पुन्हा शून्य होता. मालक बदलल्याने एक शून्य समजू शकतं, दुसऱ्याचं कारण वेगळं असणार.

दुसऱ्या शून्याची कारणं दोनच असू शकत होती. एक तर ऑगस्ट २०२२ ते ऑगस्ट २०२३ मध्ये क्लेम झाला, किंवा पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांहून जास्त काळ ती भरलीच नाही, कारण तेवढा खंड पडला की साठलेला बोनस जातो. म्हणून २०२३ ची पॉलिसी मागितली. ती जुनी संपली त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून सुरू झालेली होती, खंड नव्हता. उरला क्लेम. मग मालकाशी फोनवर बोलून, त्याच्याच मोबाइलवर इन्शुरन्स कंपनीचं ॲप उघडून क्लेमचं पान बघायची विनंती केली. जून २०२३ मध्ये समोरून ठोकर, बॉनेट, रेडिएटर, पुढचा बंपर आणि उजवा हेडलाइट बदललेला, क्लेम ७१ हजारांचा. मालक साधा माणूस होता, म्हणाला, “लपवायचं काही नव्हतं, मला कोणी विचारलंच नाही.”

त्या क्लेमच्या बिलात एअरबॅगची ओळ नव्हती आणि चासीच्या पुढच्या लांब पट्ट्यांवर काम केल्याचीही नव्हती, म्हणून गाडी सोडावी इतकं ते गंभीर नव्हतं. किंमत मात्र त्यामुळे खाली आली. बिल हाती आलं की एवढ्या दोन ओळी आधी शोधा. एअरबॅग उघडल्या असतील किंवा चासी सरळ केली असेल, तर पुढची बोलणी थांबवलेली बरी.

एनसीबी फसवतो तो चार ठिकाणी. मालकाने ‘एनसीबी प्रोटेक्ट’ हे ॲड-ऑन घेतलं असेल तर अटींमध्ये बसणारा क्लेम होऊनही बोनस टिकतो, म्हणून पॉलिसीच्या ॲड-ऑनच्या यादीत ते नाव आहे का बघा. मालकाने आपल्या जुन्या गाडीचा बोनस या गाडीवर आणला असेल, तर आकडा पहिल्याच वर्षी मोठा असतो आणि तो या गाडीबद्दल काही सांगत नाही. खिशातून पैसे देऊन कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं असेल तर कुठेच माग राहत नाही. आणि गाडीवर फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर एनसीबीची ओळच नसते. परिवहनवर ‘इन्शुरन्स चालू’ दिसलं म्हणजे पूर्ण विमा आहे असं नाही. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, त्यामुळे ओन डॅमेजची पॉलिसी वेगळी आणि वेगळ्या कंपनीची असू शकते. मागताना ती मागा.

एक आपल्याकडचं पथ्य. एमएच-०५ पासिंग, म्हणजे कल्याण आरटीओची गाडी २०१९ च्या आधीची असेल, तर त्या वर्षीच्या ऑगस्टनंतरची पॉलिसी अवश्य बघा. २६-२७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी पट्ट्यात पाणी भरलं होतं. त्यानंतर लगेच मालक बदललेला किंवा बोनस शून्यावर आलेला दिसला, तर सीटखालचं कार्पेट उचलून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. सीटच्या रुळांवर आणि सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर त्याच्या शेवटच्या वीतभर भागावर गाळाची रेघ राहते. ती पॉलिश करणाऱ्याच्या हाताला लागत नाही.

लोन: बोजा दिसतो, पण खरा की नुसती नोंद?

परिवहनवर फायनान्स दिसला की दोन शक्यता असतात. लोन चालू आहे, किंवा लोन फिटलं आहे पण आरटीओतली नोंद कोणी काढलीच नाही. दुसरा प्रकार फार आढळतो. लोन फिटल्यावर बँक एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ देते, तो आरटीओकडे दिल्यावर बोजा उतरतो. आता काही बँका हे ऑनलाइनही कळवतात. पण कित्येकांच्या कपाटात एनओसी तशीच पडून राहते आणि तिची मुदत, साधारण तीन महिन्यांची, निघून जाते. मग विकणारा शपथेवर सांगतो की लोन फिटलंय, आणि ते खरंही असतं, पण बोजा उतरल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर बिनबोज्याची होत नाही. अशा वेळी टोकन देण्याआधी नवी एनओसी काढायला लावा आणि परिवहनवर नोंद गेलेली स्वतः बघा.

बँकच आता त्या नावाने उरलेली नसली तरी घाबरू नका. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, तर कॉर्पोरेशन आणि आंध्रा बँक १ एप्रिल २०२० ला युनियन बँकेत. आरसीवर जुनं नाव असलं तर एनओसी नव्या बँकेकडून घ्यायची आणि त्यात जुन्या बँकेचं नाव आणि लोन खात्याचा नंबर लिहून मागायचा, म्हणजे आरटीओत नावावरून अडत नाही.

एनओसी मिळत नसेल तर कारण विचारा. त्याच कर्जदाराचं त्याच बँकेत दुसरं कर्ज थकलं असेल, तर बँक करारातल्या अटींवर बोट ठेवून गाडीची एनओसी अडवते. लोन फिटल्याची पावती समोर ठेवून विकणारा इथे खरंच बोलत असतो, पण गाडी सुटत नाही. तसं काही नसेल आणि नुसतीच टोलवाटोलवी चालली असेल, तर रिझर्व्ह बँकेचं १३ सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक विकणाऱ्याच्या कामाचं आहे. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा, आणि उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५ हजार रुपये द्यायचे, असं त्यात आहे. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना ते लागू आहे. तक्रार मात्र कर्जदारानेच करायची, घेणाऱ्याने नाही.

भावाच्या गाडीवरचं लोन चालू होतं. डीलर म्हणाला, “पूर्ण पैसे द्या, आम्ही लोन बंद करून घेतो.” हे नाकारायचंच. मालकाकडून फायनान्स कंपनीचं फोरक्लोजर लेटर मागवलं. त्यात त्या तारखेपर्यंत भरायची रक्कम, प्रीपेमेंटचे चार्जेस धरून, १ लाख ४७ हजार होती आणि ती सात दिवसांपुरतीच ग्राह्य होती. सौदा ३ लाख ३० हजारांवर ठरला. कराराच्या कागदावर लोन खात्याचा नंबर लिहून भावाने १ लाख ४७ हजार थेट त्या लोन खात्यात भरले, डीलरच्या किंवा मालकाच्या खात्यात नाही. एनओसी आणि फॉर्म ३५ हाती आल्यावर मालकाने बोजा उतरवण्याचा अर्ज केला. परिवहनवर फायनान्सची नोंद गेली तेव्हा पुढचा १ लाख दिला आणि उरलेले ८३ हजार ट्रान्सफरचा अर्ज दाखल होऊन पावती मिळाल्यावर. डीलर कुरकुरला, पण गाडी दोन महिने उभी होती, त्यामुळे मान्य केलं.

या सगळ्याआधी एक काम पाच मिनिटांचं आहे. आरसीवरच्या चासी नंबरचे शेवटचे अंक गाडीवर कोरलेल्या नंबराशी जुळवून घ्या, नाहीतर तुम्ही तपासताय ती नोंद एका गाडीची आणि समोर उभी आहे ती दुसरीच. तेच शेवटचे चार अंक mahatrafficechallan.gov.in वर गाडीच्या नंबरसोबत टाकले की चलानं दिसतात. थकबाकी कळतेच, पण चलानासोबतचे फोटो आणि ठिकाणं जास्त कामाची. ‘वाशीतल्या वाशीत फिरलेली’ म्हणून सांगितलेल्या गाडीची चलानं ओळीने पुणे एक्सप्रेसवेवरच्या वेगाची निघाली, तर मीटरवरच्या किलोमीटरबद्दलही विचारायला मोकळे.